एन्जॉय टू वर्क की एन्जॉय वर्किंग? एक वाक्य तपासून द्या

वर्षा_एम
नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका छोट्या डिझाइन स्टुडिओला अर्ज पाठवायचाय. पोर्टफोलिओ तयार आहे, सोबतच्या मेलमधल्या एका वाक्यावर घोडं अडलंय. इंग्रजी वाक्य देवनागरीतच टाकते, समजून घ्या:

"आय एन्जॉय टू वर्क विथ स्मॉल टीम्स, आय हॅव डिसाइडेड शिफ्टिंग टू पुणे इन जून, अँड आय डोन्ट माइंड टू वर्क ऑन सॅटरडेज, बट आय वुड लाइक टू अव्हॉइड टू ट्रॅव्हल ॲट नाइट अँड टू स्टे इन हॉटेल्स."

मला म्हणायचंय की छोट्या टीममध्ये काम करायला आवडतं, जूनमध्ये पुण्याला यायचं ठरवलंय, शनिवारी काम करायला हरकत नाही, पण रात्रीचा प्रवास आणि हॉटेलात राहणं शक्यतो नको. कुठे टू आणि कुठे आयएनजी हे दर वेळी अंदाजपंचे चालतं माझं. नुसतं दुरुस्त करून देऊ नका, कसं तपासायचं तेही सांगा.

कोपऱ्यातला
टू दिसला की आयएनजी कर, आयएनजी दिसला की टू कर. तुझ्या वाक्यात चारही ठिकाणी उलटं झालंय, असा निकाल लावायलाही कौशल्य लागतं :D

वर्षा_एम
चारही?? एखादं तरी चुकून बरोबर येतं ना माणसाचं.

निशिगंध_७
कोपऱ्यातला म्हणतोय ते खरंय. एन्जॉय, अव्हॉइड, माइंड यांच्यापुढे आयएनजी आणि डिसाइडपुढे टू. मी अशी ट्रिक वापरते की क्रियापदापुढे एखादं नाम ठेवून बघायचं. एन्जॉय टी, अव्हॉइड टी, डोन्ट माइंड टी, सगळं जमतं, म्हणजे तिथे नामासारखं चालणारं आयएनजी हवं. डिसाइड टी म्हणत नाही कोणी, म्हणून टू. हे घे वाक्य:

"आय एन्जॉय वर्किंग विथ स्मॉल टीम्स, आय हॅव डिसाइडेड टू शिफ्ट टू पुणे इन जून, अँड आय डोन्ट माइंड वर्किंग ऑन सॅटरडेज, बट आय वुड लाइक टू अव्हॉइड ट्रॅव्हलिंग ॲट नाइट अँड टू स्टे इन हॉटेल्स."

झालं काम. पाठवून टाक.

सांगलीची_बाई
वर्षा, थांब, पाठवू नकोस!! निशिगंधने दिलेल्या वाक्यात तू त्या स्टुडिओकडे हॉटेल मागत्येस.

चेष्टा नाही करत. शेवटचा तुकडा परत वाचा. "वुड लाइक टू अव्हॉइड ट्रॅव्हलिंग ॲट नाइट अँड टू स्टे इन हॉटेल्स". अव्हॉइडपुढचं ट्रॅव्हलिंग आता दुरुस्त झालं, त्यामुळे अँडनंतरचा टू स्टे अव्हॉइडशी जोडलाच जात नाही, कारण अव्हॉइडला टू चालत नाही. मग वाचणारा मागे जाऊन बघतो की टू घेणारं कोण आहे, तर वुड लाइक बसलेलंच आहे तिथे. अर्थ झाला, रात्रीचा प्रवास टाळायला आवडेल आणि हॉटेलात राहायला आवडेल. हवं होतं त्याच्या बरोब्बर उलटं. गंमत म्हणजे वर्षाचं मूळ वाक्य चुकीचं असूनही काय म्हणायचंय ते कळत होतं, अर्धवट दुरुस्त केल्यावर व्याकरण शुद्ध झालं आणि अर्थ फिरला. हवं ते असं: "वुड लाइक टू अव्हॉइड ट्रॅव्हलिंग ॲट नाइट अँड स्टेइंग इन हॉटेल्स".

मी वह्या तपासताना बघते ते हे. क्रियापदाला लागून असलेला शब्द पोरं दुरुस्त करतात, अँड किंवा ऑरच्या पलीकडे गेलेला विसरतात. वाक्य लांब असलं की हमखास.

कोपऱ्यातला
वर्षा, राहू दे तसंच, स्टुडिओवाल्यांनी खरंच हॉटेल दिलं तर नाश्ता फुकट.

निशिगंध_७
बाप रे, हे लक्षातच आलं नव्हतं. पण मॅडम, माझी टी वाली ट्रिक तरी बरोबर आहे ना? वर्षानुवर्षं वापरतेय.

सांगलीची_बाई
अर्धी. एन्जॉय आणि अव्हॉइडला नाम चालतं हे खरं, पण वॉन्टला काय कमी चालतं? वॉन्ट टी, रिफ्यूज टी, ऑफर टी, तिन्ही ठणठणीत, आणि तिन्हींपुढे क्रियापद आलं की टू लागतो: वॉन्ट टू गो, रिफ्यूज टू गो, ऑफर टू गो. तेव्हा नाम चालतं म्हणजे आयएनजी चालतं असा हिशोब बसत नाही. वर्षाच्या वाक्यापुरती ती योगायोगाने जमली.

मडगावकर
आमच्या सरांनी शिकवलेलं की आयएनजी म्हणजे घडलेली किंवा चालू असलेली गोष्ट आणि टू म्हणजे पुढे व्हायची. डिसाइड, होप, प्लॅन, प्रॉमिस सगळ्यात काम पुढे आहे म्हणून टू. एन्जॉय करताना काम चालू असतं म्हणून आयएनजी. हे मला तरी पटतं, आणि लिमिटेड क्रियापदं पाठ करण्यापेक्षा बरं.

सांगलीची_बाई
मडगावकर, ह्यात तथ्य आहे, भाषा अभ्यासणारेही ह्या अंगाने बोलतात. रिमेंबर, फरगेट, स्टॉप यांना तर ते छानच लागू पडतं. "आय रिमेंबर लॉकिंग द डोअर" म्हणजे कुलूप लावल्याचं आठवतंय, "रिमेंबर टू लॉक द डोअर" म्हणजे अजून लावायचंय. पण तपासायला म्हणून वापराल तर तोंडघशी पडाल. पोस्टपोन घ्या, कन्सिडर घ्या, सजेस्ट घ्या. तिन्हीत काम पुढचंच आहे की! तरी पोस्टपोन गोइंग, कन्सिडर गोइंग, सजेस्ट गोइंग. वर्षाचंच अव्हॉइड बघा, रात्रीचा प्रवास अजून झालेलाच नाही आणि व्हायलाही नको आहे, तरी ट्रॅव्हलिंग. आणि उलट बाजूने मॅनेज. "आय मॅनेज्ड टू कॅच द बस" यात बस पकडून झालीये, तरी टू.

म्हणून मी मुलांना सांगते की हे लक्षात ठेवायला वापरा, निकाल द्यायला वापरू नका. निकाल डिक्शनरी देते.

हर्षल_९८
बारावीला हेच असतं ना? टू स्विम इज अ गुड एक्सरसाइज याचं जेरंड वापरून स्विमिंग इज अ गुड एक्सरसाइज करायचं. दोन्ही चालतात. मग वर्षाताईचं पण दोन्ही चाललं पाहिजे की, उगाच का फाटे फोडताय. मार्क पण दोन्हीला मिळतात.

निशिगंध_७
हर्षल, ते वाक्याच्या सुरुवातीला, कर्त्याच्या जागी. तिथे कुठलं क्रियापद त्याच्यावर हुकूम सोडत नाही म्हणून दोन्ही चालतात. इथे आधी एन्जॉय बसलंय, त्याची मर्जी सांभाळावी लागते. (आता मॅडम म्हणतील हेही अर्धंच.)

सांगलीची_बाई
नाही हो, हे पूर्ण बरोबर आहे :)

श्टुटगार्टचा_बाळ्या
इथे जर्मनीत माझे सहकारी रोज "वी शुड अव्हॉइड टू चेंज द डिझाइन" लिहितात. कारण जर्मनमध्ये टाळणे या क्रियापदापुढे सरळ त्यांचा त्सू येतो, टूचा भाऊच तो, तिकडे आयएनजीसारखा पर्याय नाहीच. दिवसभर तेच वाचून वाचून आता मलाही अव्हॉइड टू कानाला बरोबर वाटायला लागलंय. तेव्हा "कानाला कसं लागतं" हा सल्ला कोणी देणार असेल तर आधी विचारा की कान कुठे वाढलाय.

वर्षा_एम
माझं कदाचित मराठीमुळे होत असेल. "काम करायला आवडतं", "काम करायला हरकत नाही", मनात करायला आलं की हाताने टू वर्क टाइप होतं.

सांगलीची_बाई
अगदी तेच. करायला, जायला, खायला याचा टूशी मनात पक्का सांधा बसलेला असतो. पण मग "यायचं ठरवलं"चं तू शिफ्टिंग का केलंस?

वर्षा_एम
खरं सांगू? तीन वेळा टू झालं होतं, म्हटलं एक तरी आयएनजी असू दे, बरं दिसतं.

कोपऱ्यातला
डिझायनर आहे ती, बॅलन्स बघणारच.

पुरोहित_काका
डिक्शनरीचा विषय निघाला म्हणून लिहितो. साधी इंग्रजी-मराठी डिक्शनरी इथे उपयोगाची नाही, ती फक्त अर्थ देते. शिकणाऱ्यांसाठी केलेली लागते. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज गृहस्थ जपानात इंग्रजी शिकवत असत. कुठल्या क्रियापदापुढे काय येतं हे तिथल्या विद्यार्थ्यांना कळेना, म्हणून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर असा कोश केला, तो १९४२ साली टोकियोत निघाला. पुढे १९४८ मध्ये तोच ऑक्सफर्डने छापला, आणि आज ऑक्सफर्डची जी ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी मिळते ती त्याचीच पुढची पिढी. आमच्या वेळच्या आवृत्तीत क्रियापदापुढे गुप्त लिपीसारखे आकडे असत, ते उलगडायला पुढची पानं चाळावी लागत. आता सरळ ठळक अक्षरात लिहिलेलं असतं.

वर्षा_एम
काका, म्हणजे नक्की काय बघायचं? मी एन्जॉय शोधलं की आनंद घेणे एवढंच वाचून बंद करते.

सांगलीची_बाई
काकांनी सांगितलेली ऑक्सफर्डची किंवा केंब्रिजची शिकणाऱ्यांची डिक्शनरी नेटवर फुकट आहे. त्यात अर्थाच्या आसपास ठळक तुकडे असतात ते वाचायचे. एन्जॉयखाली "एन्जॉय डूइंग समथिंग" दिसेल, डिसाइडखाली "डिसाइड टू डू समथिंग". ह्यातलं डूइंग किंवा डू काढायचं आणि आपलं क्रियापद बसवायचं. केंब्रिजमध्ये हेच चौकटी कंसात असतं, आयएनजी व्हर्ब किंवा टू इन्फिनिटिव्ह असं.

एकच काळजी घे, आपल्याला हवा असलेला अर्थ कुठला आहे तो आधी शोधायचा. माइंडच बघ, त्याच्याखाली क्रियापदाची वेगळी नोंद आणि नामाची वेगळी. हरकत असणे ह्या अर्थाचं क्रियापद असेल तर माइंड डूइंग.

आणि वाक्यात क्रियापदांची साखळी असेल तर डावीकडून एकेक कडी बघत जायचं. प्रत्येक क्रियापद फक्त आपल्या लगेच पुढच्याचं रूप ठरवतं. तुझं "वुड लाइक टू अव्हॉइड ट्रॅव्हलिंग" घे. वुड लाइकला टू हवा म्हणून टू अव्हॉइड. आता अव्हॉइडची पाळी, त्याला आयएनजी हवं म्हणून ट्रॅव्हलिंग. अव्हॉइडच्या आधी टू आहे म्हणून पुढेही टू, असं होत नाही. सगळी साखळी झाली की अँड आणि ऑर शोधायचे आणि त्यांच्या पलीकडचं क्रियापद कोणाच्या ताब्यात आहे ते विचारायचं.

पप्पू_कमांडलाइन
एवढं डोळ्यांनी का बघताय, मशीनला बघू द्या. मेल mail.txt मध्ये सेव्ह करा आणि

```
grep -oE '\b(enjoy|avoid|mind)(s|ed|ing)? to\b' mail.txt
grep -oE '\bdecid(e|es|ed|ing) [a-z]+ing\b' mail.txt
```

वर्षाच्या वाक्यावर चालवलं (आधी इंग्रजीत टाइप करून अर्थातच). पहिलीने तीन पकडले, दुसरीने डिसाइडेड शिफ्टिंग. चारपैकी चार, दोन ओळींत.

सांगलीची_बाई
चांगलंय, पण हॉटेल सापडलं का त्यात?

पप्पू_कमांडलाइन
...नाही. अँड टू स्टे सुटलं. ते अव्हॉइडपासून पाच शब्द लांब आहे.

सांगलीची_बाई
आणि "आय हॅव मेड अप माय माइंड टू लीव्ह" टाकून बघा. ते शुद्ध आहे, कारण तिथे माइंड हे नाम आहे, मन. तुमचं यंत्र त्यालाही चूक म्हणेल.

पप्पू_कमांडलाइन
म्हणालं. अजूनही सापडली मला. "फूड्स टू अव्हॉइड टू लोअर युअर शुगर", म्हणजे शुगर कमी करण्यासाठी टाळायचे पदार्थ. अव्हॉइड टू लागून आलेत पण तो टू "साठी"चा, अव्हॉइडचा नाही. दुसऱ्या ओळीत तर "डिसाइड एव्हरीथिंग" पण अडकतंय, एव्हरीथिंगला शेवटी आयएनजी आहे म्हणून LOL. थोडक्यात काय तर कुठे बघायचं ते सांगतं, निकाल तुमचा तुम्ही लावा.

एडिसनची_आई
माझ्या मुलीला (नववीत आहे, न्यू जर्सीतच वाढली) वाक्य वाचून दाखवलं. दोन सेकंदात "देअर इज समथिंग रॉंग विथ ऑल ऑफ इट" म्हणाली. का म्हटलं तर "इट जस्ट साउंड्स रॉंग". निशिगंधचं वाक्य दाखवलं तर म्हणे हे ठीक आहे, पण हिला हॉटेलं का आवडतात? म्हणजे मॅडमचं म्हणणं कानानेही सिद्ध झालं.

पण तिने दुसरंच काढलं. म्हणे "आय डोन्ट माइंड वर्किंग ऑन सॅटरडेज" बरोबर आहे पण नोकरीच्या अर्जात कोणी असं लिहितं का, नाइलाजाने हो म्हटल्यासारखं वाटतं.

मडगावकर
ते मात्र खरंय. डोन्ट माइंड म्हणजे "चालेल हो". शनिवारी यायला तयार आहे असं म्हणायचं तर "आय ॲम हॅपी टू वर्क ऑन सॅटरडेज".

वर्षा_एम
अरे देवा, आता हॅपीला टू?

निशिगंध_७
हॅपी क्रियापद नाही, विशेषण आहे. हॅपी टू, रेडी टू, विलिंग टू.

कोपऱ्यातला
माइंडवरून आठवलं. आमचा एक मित्र परदेशात ट्रेनमध्ये शेजारच्या सीटवर बॅग ठेवून बसला होता. एका बाईंनी विचारलं "वुड यू माइंड मूव्हिंग युअर बॅग?" हा हसून म्हणाला "येस येस!" आणि बॅग उचलायला लागला. त्या बाई बिचाऱ्या पुढच्या डब्यात निघून गेल्या. येस म्हणजे "हो, माझी हरकत आहे" हे त्याला रात्री कोणीतरी सांगितलं.

हर्षल_९८
मग काय म्हणायचं?

कोपऱ्यातला
"नॉट ॲट ऑल" म्हणायचं आणि बॅग उचलायची.

श्टुटगार्टचा_बाळ्या
माइंड चाललंय तर माझी एक शंका. "डू यू माइंड मी ओपनिंग द विंडो" की "डू यू माइंड माय ओपनिंग द विंडो"? मी आमच्या ऑफिसात मी म्हणतो, एका वयस्कर ब्रिटिश सहकाऱ्याने माय करून घेतलं.

पुरोहित_काका
माय. ओपनिंग हे नामासारखं आहे, नामाआधी षष्ठी हवी. आम्हाला असंच शिकवलं आणि आम्ही असंच लिहीत आलो.

सांगलीची_बाई
काका, लिहिताना औपचारिक ठिकाणी माय बरं दिसतं हे मान्य, पण बोलताना मी सर्रास चालतं आणि चांगले इंग्रज लेखकही वापरतात. मी वहीत मी दिसलं तर कापत नाही.

पुरोहित_काका
कापलं पाहिजे.

एडिसनची_आई
लेकीला विचारलं. माय ऐकून म्हणाली "हू टॉक्स लाइक दॅट". काका, माफ करा :)

पुरोहित_काका
नववीतल्या मुलीने पास केलं म्हणून काही शुद्ध होत नाही. असो.

श्टुटगार्टचा_बाळ्या
मी सरळ "डू यू माइंड इफ आय ओपन" म्हणत जाईन, दोघंही खूश.

मडगावकर
वर्षा, शिफ्ट हा शब्दही बघ. घर बदलण्यासाठी शिफ्ट आपण इकडेच म्हणतो, बाहेर मूव्ह किंवा रीलोकेट.

निशिगंध_७
पुण्यातलाच स्टुडिओ आहे ना? तिथे सगळे शिफ्टच होतात. राहू दे.

वर्षा_एम
सगळ्यांचं वाचून आता असं केलंय. डावीकडून एकेक कडी बघितली, डिक्शनरीत चारही क्रियापदं काढून ठळक तुकडे वाचले. वाक्यही तोडलं, एवढं लांब ठेवण्यात अर्थ नव्हता:

"आय एन्जॉय वर्किंग विथ स्मॉल टीम्स. आय हॅव डिसाइडेड टू मूव्ह टू पुणे इन जून. आय ॲम हॅपी टू वर्क ऑन सॅटरडेज, बट आय वुड लाइक टू अव्हॉइड ट्रॅव्हलिंग ॲट नाइट ऑर स्टेइंग इन हॉटेल्स."

शेवटी अँडच्या जागी ऑर केलंय, दोन्ही वेगवेगळं नको आहे म्हणून. आणि खाली "लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू" लिहिलंय. तो टू आहे म्हणजे पुढे मीट बरोबर ना?

सांगलीची_बाई
वरचं वाक्य आता उत्तम. ऑरही योग्य.

पण खालचं नाही! लुक फॉरवर्ड टू मधला टू क्रियापदाचा नाही, तो शब्दयोगी आहे, गो टू पुणे मधल्यासारखा. इथे मात्र निशिगंधची टी वाली ट्रिक खरोखर कामाची आहे, फक्त नाम टूच्या नंतर ठेवून बघ. "लुकिंग फॉरवर्ड टू द मीटिंग" जमतं, म्हणून क्रियापद आलं की आयएनजी: "लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू". "डिसाइडेड टू द मीटिंग" कोणी म्हणेल का? नाही, म्हणून तिथे टू मूव्ह.

निशिगंध_७
हुश्श, ट्रिकला काहीतरी काम मिळालं.

हर्षल_९८
मग "आय ॲम यूज्ड टू" आणि "आय यूज्ड टू" मध्ये पण हाच घोळ का? परवा पेपरला आलं होतं.

सांगलीची_बाई
हाच. ॲम यूज्ड टू वेकिंग अर्ली म्हणजे सवय आहे, यूज्ड टू वेक अर्ली म्हणजे पूर्वी उठायचो. पण हर्षल, त्यासाठी नवीन धागा काढ बाबा, मला स्वयंपाक आहे.

वर्षा_एम
मीट काढून मीटिंग केलं आणि मेल पाठवला. पप्पू, तुझी ती ओळ पण चालवून बघितली, काहीच आलं नाही.

पप्पू_कमांडलाइन
काही आलं नाही याचा अर्थ फक्त मी लिहिलेल्या चार क्रियापदांत लागून चूक नाही एवढाच हां. मीट यू पण तिने सोडलंच असतं.